जीएसटी क्रेडिट वापरण्याचा क्रम

मासिक जीएसटी भरताना खरेदीवर दिलेल्या कराचे क्रेडिट विक्रीवरच्या करासमोर कोणत्या क्रमाने लावायचे, याचा नियम. रोजच्या बोलण्यात याला सेट-ऑफ म्हणतात. आयजीएसटी, सीजीएसटी आणि एसजीएसटी या तिन्ही क्रेडिटची शिल्लक जीएसटी पोर्टलवरच्या इलेक्ट्रॉनिक क्रेडिट लेजरमध्ये, म्हणजे क्रेडिटच्या खातेवहीत, वेगवेगळी राहते. एकूण क्रेडिट पुरेसे असूनही रोख भरावी लागली, तर बहुधा कारण एकच असते: पैसे होते, पण चुकीच्या खात्यात होते.

नाशिकच्या कारखानदाराला हा विषय विशेष जवळचा आहे. सातपूर-अंबडमधल्या वर्कशॉपचा बराच कच्चा माल सुरत, वापी किंवा सिल्वासाहून येतो. तो राज्याबाहेरचा असल्याने त्यावर आयजीएसटी लागतो. तयार माल मात्र पुणे, ठाणे, छत्रपती संभाजीनगर असा महाराष्ट्रातच गेला, तर त्यावर सीजीएसटी आणि एसजीएसटी समसमान लागतात. म्हणजे क्रेडिट एका खात्यात साठते आणि देणे दुसऱ्या दोन खात्यांत उभे राहते.

मूळ चौकट केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 49(5) मध्ये आहे. आयजीएसटीचे क्रेडिट तिन्ही करांसाठी चालते. सीजीएसटीचे क्रेडिट आधी सीजीएसटीला आणि उरले तर आयजीएसटीला लावता येते. एसजीएसटीचेही तसेच, पण आयजीएसटी फेडण्यासाठी सीजीएसटीचे क्रेडिट शिल्लक नसेल तरच ते वापरावे, अशी अट 2018 च्या दुरुस्तीने घातली. सीजीएसटी आणि एसजीएसटी एकमेकांसाठी कधीच वापरता येत नाहीत. एक केंद्राचा महसूल आहे, दुसरा राज्याचा. आयजीएसटीच्या क्रेडिटमधून राज्याचा कर फेडला, की तेवढ्या रकमेचा हिशेब केंद्र आणि राज्य आपसात मिटवतात. सीजीएसटी-एसजीएसटीमध्ये अशी देवघेव ठेवलेलीच नाही.

1 फेब्रुवारी 2019 पर्यंत व्यापारी सीजीएसटीला सीजीएसटीचे आणि एसजीएसटीला एसजीएसटीचे क्रेडिट लावून आयजीएसटी राखून ठेवू शकत असे. त्या दिवसापासून कलम 49अ लागू झाले: आयजीएसटीचे क्रेडिट पूर्ण संपल्याशिवाय बाकी दोन्हींना हात लावायचा नाही. त्याच वेळी कलम 49(5) मध्ये उरलेले आयजीएसटी सीजीएसटी आणि मग एसजीएसटी, याच क्रमाने लावा असे शब्द होते. दोन्ही एकत्र वाचले, तर आयजीएसटी सगळे सीजीएसटीत जिरणार, सीजीएसटीचे स्वतःचे क्रेडिट पडून राहणार आणि एसजीएसटीला रोख लागणार. लहान उद्योगाच्या खेळत्या भांडवलावर हा सरळ घाव होता. 29 मार्च 2019 च्या अधिसूचनेने नियम 88अ आला आणि कोंडी फुटली. आयजीएसटीचे क्रेडिट आधी आयजीएसटीला लावायचे आणि उरलेले सीजीएसटी व एसजीएसटीला कोणत्याही क्रमाने, कोणत्याही प्रमाणात वाटायचे. ते आधी पूर्ण संपवण्याची सक्ती मात्र कायम राहिली.

या ‘कोणत्याही प्रमाणात’मध्येच खरी कसोटी आहे. उदाहरणादाखल अंबडमधला एक पॅनेल बनवणारा कारखाना आणि सप्टेंबर 2025 चे त्याचे विवरणपत्र घेऊ. ऑगस्टमध्ये सुरतला मोठी ऑर्डर गेली होती. आयजीएसटीचे क्रेडिट 80,000 रुपयांनी कमी पडले आणि ते सीजीएसटीतून फेडले गेले. त्यामुळे आधी दोन्हींकडे असलेल्या 1,00,000 रुपयांपैकी सीजीएसटीत 20,000 उरले, एसजीएसटीत 1,00,000 तसेच राहिले. सप्टेंबरच्या स्थानिक खरेदीने दोन्हींत 40,000 ची भर पडली. म्हणजे सीजीएसटी 60,000, एसजीएसटी 1,40,000. सिल्वासाहून आलेल्या तांब्यामुळे आयजीएसटीचे क्रेडिट 2,40,000 झाले. विक्रीवरचे देणे असे: आयजीएसटी 60,000, सीजीएसटी 1,80,000, एसजीएसटी 1,80,000.

पहिले पाऊल ठरलेले आहे. आयजीएसटीचे 60,000 आयजीएसटीला गेले, 1,80,000 उरले. आता ते वाटायचे. सगळे सीजीएसटीला दिले, तर तिथले 60,000 पडून राहतात आणि एसजीएसटीला 40,000 रोख लागतात. निम्मे-निम्मे, म्हणजे 90,000 प्रत्येकी दिले, तर वाटणी न्याय्य दिसते, पण सीजीएसटीत 30,000 रोख लागतात आणि एसजीएसटीत 50,000 अडकतात. अर्धे-अर्धे करण्याची सवय इथे फसवते. दोन्ही खात्यांतले क्रेडिट सारखे असेल तेव्हाच ती चालते.

योग्य वाट सोपी आहे. प्रत्येक कराचे देणे घ्यावे, त्यातून त्याचेच क्रेडिट वजा करावे. उरते ते त्या खात्याला आयजीएसटीतून किमान द्यायचे. सीजीएसटीला 1,80,000 वजा 60,000, म्हणजे 1,20,000. एसजीएसटीला 1,80,000 वजा 1,40,000, म्हणजे 40,000. दोन्ही मिळून 1,60,000 झाले आणि हाती 1,80,000 आहेत. वरचे 20,000 कुठेही घालता येतात, राखून मात्र ठेवता येत नाहीत. ते निम्मे-निम्मे घालून सीजीएसटीला 1,30,000 आणि एसजीएसटीला 50,000 द्यावेत, हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. मग सीजीएसटीतले 50,000 आणि एसजीएसटीतले 1,30,000 लागतात, रोख शून्य, आणि दोन्हीकडे 10,000 पुढे जातात. स्थानिक विक्रीचे देणे नेहमी समसमान येते, म्हणून शिल्लकही समसमान असलेली बरी.

किमान गरजांची बेरीज हातच्या आयजीएसटीपेक्षा जास्त निघाली, तर फरकाइतकी रोख लागणारच. ती कोणत्या करात भरायची एवढेच तेव्हा हाती राहते.

GSTR-3B या मासिक विवरणपत्राच्या तक्ता 6.1 मध्ये पोर्टल स्वतःहून आकडे सुचवते. ते बदलता येतात आणि तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. चूक ओळखण्याची खूण अशी: एका करासमोर रोख रक्कम दिसते आणि त्याच वेळी दुसऱ्या कराच्या क्रेडिटमध्ये शिल्लक दिसते. अशा वेळी आयजीएसटीची वाटणी पुन्हा करून पाहावी. विक्री मुख्यतः राज्यातली आणि आयजीएसटीचे क्रेडिट भरपूर, असे असेल तर ही रोख बऱ्याचदा टळते.

रिव्हर्स चार्जखालचा कर, उदाहरणार्थ मालवाहतुकीच्या भाड्यावर आपणच भरायचा कर, तसेच व्याज आणि विलंब शुल्क यांपैकी कशालाही क्रेडिट लावता येत नाही. ते रोखच भरावे लागते. वरच्या गणितात ते धरू नयेत, नाहीतर आयत्या वेळी रोख कमी पडते.

सेट-ऑफ एकदा पोस्ट झाला की मागे घेता येत नाही, आणि भरलेले GSTR-3B सुधारूनही देता येत नाही. चुकीच्या खात्यात भरलेली आणि अजून न वापरलेली रोख PMT-09 या फॉर्मने दुसऱ्या खात्यात हलवता येते. क्रेडिटसाठी तशी सोय नाही. वरच्या पहिल्या वाटणीत सीजीएसटीत पडलेले 60,000 पुढच्या महिन्यांत सीजीएसटी किंवा आयजीएसटीचे देणे येईपर्यंत तिथेच राहतात, आणि एसजीएसटीला भरलेले 40,000 मात्र विवरणपत्र भरतानाच बँकेतून गेलेले असतात.