पार्श्वभूमी: ‘ब्लॅकबर्ड’, ‘ब्लॅक बर्ड’ आणि आघाताचा नियम

मराठवाड्यातल्या कॉलेजांत बी.ए. इंग्रजीला ध्वनिविचार शिकवताना ही जोडी येतेच. ‘ब्लॅकबर्ड’ म्हणजे एक ठरावीक जातीचा पक्षी, त्यात आघात, म्हणजे उच्चारातला जोर, पहिल्या भागावर. ‘ब्लॅक बर्ड’ म्हणजे कुठलाही काळा पक्षी, मग तो कावळा असो की कोतवाल. त्यात मुख्य आघात ‘बर्ड’वर. ब्लॅकबर्डची मादी तपकिरी असते, म्हणजे ती ‘ब्लॅकबर्ड’ असते पण ‘ब्लॅक बर्ड’ नसते. वहीत नियम एका ओळीचा असतो: जोडशब्दात आघात पुढे, पदबंधात, म्हणजे सुट्या शब्दांच्या गटात, मागे. तो इतका सरळ कसा झाला आणि किती ठिकाणी मोडतो, हे मात्र वहीत क्वचितच येते.

जुना भाग थोडक्यात. जुन्या इंग्रजीत विशेषणाला लिंग, वचन, विभक्तीप्रमाणे प्रत्यय लागत. पदबंधातले विशेषण बदलायचे, जोडशब्दातला पहिला भाग मात्र बिनप्रत्ययाचा राही. आपल्याकडे आजही जवळपास हेच आहे: पेशा ‘पांढरा’, टोपी ‘पांढरी’, पण जोडशब्द झाला की ‘पांढरपेशा’. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीतही ‘पाणी’चे ‘पाण’ झाले आणि हा एक शब्द आहे हे तिथेच कळले, आवाज कुठे चढवायचा याची गरज पडली नाही. इंग्रजीचे प्रत्यय पुढे झिजून गेले. जोडशब्दात पहिल्या भागावर आघात देण्याची रीत आधीपासून होतीच. प्रत्यय गेल्यावर उच्चारात फरक दाखवायला मुख्यतः तीच उरली. आघाताने शब्दाचा अर्थ बदलण्याची सवय मराठी कानाला नसते. म्हणून परभणीच्या किंवा लातूरच्या वर्गात दोन्ही उच्चार एकसारखे ऐकू येतात, यात मुलांचा दोष नाही.

खरा गुंता विसाव्या शतकातला. १९३३ साली अमेरिकेतल्या एका प्रमुख भाषाशास्त्रज्ञाने आपल्या पुस्तकात निर्णय दिला की, पदबंधात ज्या शब्दावर ठळक आघात आलाच असता, तो शब्द कमी आघाताने ऐकू आला तर तो जोडशब्दाचा भाग समजावा. उदाहरण ‘आइस्क्रीम’चे होते. काही लोक त्यात पहिल्या भागावरच जोर देतात, काही दोन्ही भागांवर. पहिल्यांच्या तोंडी तो जोडशब्द आणि दुसऱ्यांच्या तोंडी पदबंध, असे त्याने लिहिले. अर्थामध्ये काहीच फरक नाही हेही त्याने तिथेच मान्य केले.

या निर्णयाने जेवढी सोय झाली त्याहून जास्त नुकसान झाले, असे मला वाटते. एकच पदार्थ, एकच नाव, आणि शेजारी बसलेल्या दोघांच्या तोंडी त्याची व्याकरणातली जात वेगळी. त्याहून मोठी अडचण तर्काची आहे. ‘जोडशब्दात आघात पुढे असतो’ हे भाषेबद्दलचे निरीक्षण असेल, तर ते तपासता येते. पण आघात पुढे आहे म्हणूनच त्याला जोडशब्द म्हणायचे ठरले, की तपासण्यासारखे काही उरत नाही. नियम आपोआपच खरा होतो. जोडशब्द ओळखायच्या दुसऱ्या खुणा होत्या. ‘व्हेरी ब्लॅक बर्ड’ म्हणता येते. जातीच्या नावाला ‘व्हेरी’ लावता येत नाही. ‘ब्लॅक’ आणि ‘बर्ड’ यांच्यात ‘नॉइझी’ घुसवले की काळा, गोंगाट करणारा पक्षी उरतो, जातीचे नाव मोडते. ‘अ‍ॅपल पाय’मध्येही आत काही घुसत नाही: ‘हॉट अ‍ॅपल पाय’ म्हणतात, ‘अ‍ॅपल हॉट पाय’ नाही. म्हणजे वागणूक एका शब्दाची, आणि आघात मात्र ‘पाय’वर. १९३३च्या कसोटीने याला पदबंध म्हणावे लागते.

पुढे १९५१मध्ये अमेरिकी अभ्यासकांनी आघाताच्या चार पायऱ्या मांडल्या: मुख्य, दुय्यम, तिसरी आणि क्षीण. ‘ब्लॅकबर्ड’ म्हणजे मुख्य आणि तिसरी, ‘ब्लॅक बर्ड’ म्हणजे दुय्यम आणि मुख्य. १९५६च्या एका लेखाने आणि मग १९६८च्या मोठ्या ग्रंथाने हे उलटवले. पायऱ्या पाठ करायची गरज नाही, त्या शब्दांच्या रचनेतून हिशेबाने काढता येतात, असा त्यांचा दावा होता.

तो हिशेब डस्टरवर करून पाहू. ‘ब्लॅकबोर्ड इरेझर’ म्हणजे फळा पुसायचे साधन. सुरुवातीला तिन्ही शब्दांना १, म्हणजे सर्वांत ठळक. आतल्या जोडीपासून सुरू करायचे. ‘ब्लॅकबोर्ड’ हा जोडशब्द, म्हणून पहिल्याचा १ टिकतो आणि ‘बोर्ड’ एक पायरी उतरून २ होतो. आता बाहेरची जोडी: सगळे मिळून पुन्हा जोडशब्द, म्हणून ‘ब्लॅक’चा १ टिकतो, बाकीचे एकेक पायरी उतरतात. ‘बोर्ड’ ३, ‘इरेझर’ २. उत्तर १-३-२. आता ‘ब्लॅक बोर्ड-इरेझर’, म्हणजे काळ्या रंगाचा डस्टर. आधी ‘बोर्ड-इरेझर’ हा जोडशब्द १-२. मग ‘ब्लॅक’ जोडला की पदबंध होतो. पदबंधात शेवटचा १ टिकतो, तो ‘बोर्ड’वर आहे. ‘ब्लॅक’ २ होतो, ‘इरेझर’ ३. उत्तर २-१-३. शब्द तेच, क्रम तोच, फक्त कुणाशी कोण आधी जुळले एवढ्याने फरक पडला. शिकवायला हे इतके नीटस आहे की जगभरच्या पाठ्यपुस्तकांनी ते उचलले, आणि आपल्याकडच्या नोट्समध्ये नियमाची ती एकच ओळ उरली.

१९५०च्या दशकातच एक वेगळे काम चालू होते, ते मात्र वर्गापर्यंत फारसे आले नाही. त्यातल्या प्रयोगांत असे दिसले की आघात ओळखताना श्रोत्याचा कान आवाजाच्या मोठेपणापेक्षा सुराच्या चढउतारावर आणि स्वराच्या लांबीवर जास्त भिस्त ठेवतो. ‘ब्लॅकबर्ड’मध्ये सुराची हालचाल ‘ब्लॅक’वर होते आणि ‘बर्ड’ खालच्या सुरात सपाट जातो, स्वर मात्र पूर्ण राहतो. म्हणून ‘ब्लॅक’ नुसते ओरडून म्हटले तर फरक कळत नाही. ‘बर्ड’वरून सूर उतरवून पाहा, लगेच कळेल. याच कारणाने ही जोडी एका ठिकाणी हमखास फसते. ‘पांढरा नाही, काळा पक्षी’ असे तुलनेने सांगायचे असेल तर ‘ब्लॅक बर्ड’मध्येही सूर ‘ब्लॅक’वर येतो आणि दोन्ही उच्चार जवळपास एक होतात. उदाहरण नेहमी साध्या, तुलना नसलेल्या वाक्यात द्यावे ते यासाठी.

‘अ‍ॅपल पाय’ची अडचण १९६०मध्ये पुन्हा समोर आली. एका व्याकरण-अभ्यासात ‘अ‍ॅपल पाय’ आणि ‘अ‍ॅपल केक’ शेजारी ठेवले गेले. रचना तीच, तरी केकमध्ये आघात ‘अ‍ॅपल’वर आणि पायमध्ये ‘पाय’वर. रस्त्यांच्या नावांचेही तसेच: ‘ऑक्सफर्ड स्ट्रीट’मध्ये आघात ‘ऑक्सफर्ड’वर, ‘ऑक्सफर्ड रोड’मध्ये ‘रोड’वर. नंतरच्या अभ्यासकांनी अर्थामध्ये कारण शोधले. पहिला शब्द वस्तू कशाची बनली ते सांगत असेल, जसे ‘सिल्क टाय’, तर आघात बहुधा मागे जातो. ‘स्टील ब्रिज’ यात बसतो, ‘अ‍ॅपल केक’ बसत नाही. गेल्या काही दशकांत उच्चारांचे मोठे संग्रह तपासून निघालेले उत्तर कमी देखणे आहे: दुसरा शब्द कोणता यावर बरेच अवलंबून असते, कारण बोलणारा ‘स्ट्रीट’ने संपणाऱ्या आधीच्या नावांच्या चालीवर नवे नाव उच्चारतो. ‘इंग्लिश टीचर’सारख्या जोडीत नियम अजून चोख चालतो: आघात पुढे असेल तर इंग्रजी विषयाचा शिक्षक, मागे असेल तर इंग्लंडचा माणूस. ‘ऑक्सफर्ड रोड’ला मात्र तो नियम लावता येत नाही, तिथे शब्दकोशातली खूण पाहावी लागते, आणि ‘आइस्क्रीम’पुढे शब्दकोशही आजतागायत दोन्ही उच्चार देतात.