रिकामी जागा भरणारा साचा आणि वाक्य निवडणारा साचा

नागपूरच्या इतवारीतल्या एका मसाल्याच्या होलसेल दुकानाचा महिन्याचा विक्री तक्ता मी एक्सेलमध्ये करतो. भागांची नावं, मागच्या महिन्याचा आकडा, या महिन्याचा आकडा आणि शेवटच्या रकान्यात एक साधं वाक्य: विक्री वाढली की घटली. शेठजी आकड्यांकडे क्वचितच बघतात. तक्ता मोबाइलवर येतो, ते शेवटचा रकाना वाचतात आणि फोन लावतात. म्हणून त्या वाक्याची जबाबदारी आकड्याहून जास्त आहे असं मी मानतो.

अशी वाक्यं ठरलेल्या साच्यातून काढायची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ‘साचा’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. पहिलीत वाक्य एकच असतं आणि त्यातल्या रिकाम्या जागांत आकडा नि क्रियापद बसतं. दुसरीत चार-पाच पूर्ण वाक्यं आधीच लिहिलेली असतात, आणि आकड्याकडे बघून त्यातलं कोणतं लावायचं ते ठरतं. महिना सरळ गेला तर दोन्हींतून अगदी एकसारखं वाक्य बाहेर पडतं, त्यामुळे आपल्याकडे कोणता साचा आहे हे कळतच नाही. माझ्याकडे बरेच महिने पहिला होता:

```
="विक्री "&TEXT(D2,"0%")&" ने "&IF(D2>0,"वाढली","घटली")
```

इथे B2 मध्ये मागचा महिना, C2 मध्ये हा महिना आणि D2 मध्ये `=(C2-B2)/B2`. महालची विक्री 2,40,000 वरून 2,59,200 वर गेली, तर वाक्य येतं ‘विक्री 8% ने वाढली’. बरोबर. आता याच सूत्राला बाकीचे भाग देऊन बघू.

धरमपेठ 3,00,000 वरून 2,76,000 वर आलं. वाक्य आलं ‘विक्री -8% ने घटली’. उणे आठने घटली म्हणजे वाढली का? उणे चिन्ह आणि ‘घटली’ हे दोघं एकच गोष्ट दोनदा सांगतात. वाचणारा समजून घेतो, पण क्षणभर अडखळतोच. सदरची विक्री 1,85,000 वरून 1,85,600 झाली. फरक एका टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, म्हणून वाक्य आलं ‘विक्री 0% ने वाढली’. दिसणारा आकडा पूर्णांकात आणलेला आहे, पण वाढली-घटलीचा निर्णय मूळ आकड्यावर झाला, आणि दोघांची ताटातूट झाली. हिंगण्याला माल याच महिन्यात सुरू झाला, 42,000 चा. मागचा आकडा शून्य, शून्याने भागता येत नाही, म्हणून वाक्याच्या जागी `#DIV/0!`.

सगळ्यात वाईट झालं ते कामठीच्या ओळीत. मागचा आकडा 1,60,000 होता आणि या महिन्याची बिलं अजून चढवायची होती, म्हणून C2 रिकामा. एक्सेल हिशेबात रिकाम्या खान्याला शून्य धरतं. वाक्य आलं ‘विक्री -100% ने घटली’. शेठजींनी कामठीच्या सेल्समनला भल्या सकाळी फोन करून विचारलं, “काऊन जी, महिनाभर एक पुडाही गेला नाही का?” त्या पोराने महिनाभर भर उन्हात दुकानं पालथी घातली होती. चूक त्याची नव्हती, माझ्या सूत्राची होती. त्या दिवशी मी साचा बदलला.

```
=IF(OR(B2="",C2=""),"आकडा अजून आलेला नाही.",
IF(B2=0,"मागच्या महिन्यात विक्री नव्हती, तुलना नाही.",
IF(ROUND(D2,2)=0,"विक्री जवळपास तेवढीच राहिली.",
IF(D2>0,"विक्री "&TEXT(D2,"0%")&" ने वाढली.",
"विक्री "&TEXT(ABS(D2),"0%")&" ने घटली."))))
```

हा वाक्य निवडणारा साचा. यात क्रम फार महत्त्वाचा. रिकाम्या खान्याची चौकशी सगळ्यात आधी हवी, कारण `B2=0` ही अट रिकाम्या खान्यालाही ‘हो’ म्हणते, आणि मग आकडा चढवायचा राहिला असला तरी ‘विक्री नव्हती’ असं छापलं जातं. त्याच कारणाने हिंगण्याच्या ओळीत मागच्या महिन्याचा 0 हाताने टाकावा लागतो. ‘विकलं नाही’ आणि ‘माहीत नाही’ हे दोन वेगळे निरोप आहेत. शून्याची अट त्यानंतर, म्हणजे भागाकाराची चूक असलेल्या D2 पर्यंत सूत्र पोचतच नाही. `ROUND` मुळे निर्णय त्याच पूर्णांक टक्क्यावर होतो जो वाचणाऱ्याला दिसतो. आणि `ABS` ने उणे चिन्ह काढलं, कारण दिशा सांगायचं काम आता क्रियापदाकडे आहे.

खरी गंमत मात्र आपल्या भाषेत आहे. इंग्रजी तक्त्यांसाठी केलेला साचा मराठीत जसाच्या तसा उतरवला की तो लगेच मोडतो, कारण आपलं क्रियापद नामाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं. विक्री वाढली, नफा वाढला, उत्पन्न वाढलं, ऑर्डरी वाढल्या. पहिल्या साच्यात ‘विक्री’ हा शब्दही रिकामी जागा केला आणि तिथे दुसऱ्या खान्यातलं नाम ओढलं, तर ‘नफा 5% ने वाढली’ असं छापून येतं. मी स्वतः असा एक तक्ता छापलेला पाहिला आहे. उपाय सोपा आहे. बाजूला एक छोटी यादी ठेवायची, तीन रकान्यांची: नाम, त्याचं वाढीचं रूप, त्याचं घटीचं रूप. सूत्र `VLOOKUP` ने त्यातून रूप उचलतं. नाम आणि क्रियापद जोडीनेच फिरतात. हीच अडचण टक्क्यांचीही: 8 असेल तर ‘टक्क्यांनी’, 1 असेल तर ‘टक्क्याने’. मी % चिन्ह ठेवून ती टाळली आहे. अक्षरात लिहायचंच असेल तर एकासाठी वेगळं वाक्य ठेवावं लागेल.

अजून एक अट मी नंतर घातली, आणि ती मला सगळ्यात उपयोगाची वाटते. एखाद्या छोट्या भागात विक्री 2,000 वरून 6,000 झाली, तर साचा म्हणतो ‘200% ने वाढली’. महालच्या 8% शेजारी ते वाक्य डोळ्यात भरतं, पण महालची वाढ 19,200 रुपयांची आहे आणि या भागाची 4,000 ची. म्हणून मागचा आकडा 10,000 च्या आत असेल तर टक्के न सांगता ‘विक्री 4,000 रुपयांनी वाढली’ असं वाक्य निवडलं जातं. 10,000 ही रेघ माझ्या दुकानापुरती. प्रत्येकाने ती आपल्या उलाढालीकडे बघून मारावी.

निवडणारा साचा कितीही पारखून घेतला तरी तो ‘का’ सांगू शकत नाही. शेठजींनी एकदा सुचवलं होतं की मे महिन्यात घट दिसली की ‘उन्हामुळे’ असंही आपोआप जोडू. मी नको म्हटलं. मेमध्ये नागपुरात ऊन असतंच, पण एखाद्या भागातली घट सेल्समन सुटीवर गेल्यामुळे असू शकते, आणि तक्त्यात सुटीचा रकाना नाही. जे तक्त्यात नाही ते वाक्यात आलं तर ते अंदाज असतं, आणि छापलेलं वाक्य अंदाजासारखं दिसत नाही. कारण लिहायला मी शेजारी एक रिकामा रकाना दिला आहे. तो सेल्समन स्वतः भरतो.

सूत्र बदललं की मी खरा तक्ता उघडत नाही. आधी चाचणीची सात ओळींची पाटी उघडतो: वाढ, घट, अगदी थोडा फरक, मागे शून्य, आता शून्य, रिकामा खाना, छोटा आकडा. सातही वाक्यं मोठ्याने वाचतो. परवाच ‘आता शून्य’च्या ओळीत ‘विक्री 100% ने घटली’ असं ऐकलं आणि तिथे ‘या महिन्यात विक्री झाली नाही’ हे वेगळं वाक्य घातलं.