ओळख पटवण्यासाठी विसरणं: चित्रांच्या ठशांची पार्श्वभूमी

फोटो टाकून तो आधी कुठे वापरला गेला आहे हे शोधण्याची सोय आज हाताशी आहे. तिच्यामागचा प्रश्न मात्र इंटरनेटवरच्या फोटोंइतकाच जुना आहे: दोन फाइल वेगळ्या असूनही चित्र एकच आहे, हे यंत्राला कसं कळावं?

फाइलचा ठसा, म्हणजे तिची ओळख सांगणारा छोटा आकडा, काढण्याची रीत आधीपासून होती. रोनाल्ड रिव्हेस्ट यांची एमडी५ ही पद्धत १९९२ साली प्रसिद्ध झाली. कितीही मोठी फाइल दिली तरी ती १२८ बिटांचा हॅश, म्हणजे असाच ठसा, देते. पण तिची रचनाच अशी की फाइलमधला एक बिट बदलला तरी सगळा हॅश बदलून जातो. डाउनलोड केलेली फाइल शाबूत आहे का, हे पाहायला हा गुण उत्तम. चित्रांसाठी तोच दोष ठरतो, कारण फोटो पुन्हा जेपेगमध्ये साठवला की डोळ्यांना फरक दिसत नाही, पण फाइलचा बाइट न् बाइट बदललेला असू शकतो.

नव्वदच्या दशकात आयबीएमच्या क्यूबिक प्रणालीने रंग, पोत आणि आकार यांवरून चित्रं शोधून दाखवली. त्यातली रंगांची मोजणी समजायला सोपी आहे: चित्रात कोणता रंग किती, याचा तक्ता करायचा आणि तक्ते ताडून पाहायचे. पण निळा समुद्र आणि निळी भिंत या तक्त्यात सारखीच दिसतात. कोणता रंग कुठे आहे, हे तो विसरलेला असतो.

२००८ साली टोरांटोच्या एका कंपनीने टिनआय सुरू केलं आणि चित्रावरून चित्र शोधणं सामान्य माणसाच्या हातात आलं. ‘यासारखं दुसरं’ दाखवण्याऐवजी ‘हेच चित्र’ शोधायचं, हे तिने ठरवलेलं काम होतं. २०११ मध्ये गूगलनेही चित्रावरून शोध सुरू केला. या मोठ्या यंत्रणांचं आतलं काम गुंतागुंतीचं आहे. पण ठशामागचा विचार समजून घ्यायला डीहॅश ही छोटी पद्धत पुरेशी आहे. नील क्रॉवेट्झ यांनी २०१३ साली ती मांडली, आणि मला ती या विषयाची सर्वांत स्वच्छ ओळख वाटते.

चित्र कृष्णधवल करायचं आणि दाबून ९ स्तंभ व ८ ओळींचं करायचं. बारीक तपशील इथेच निघून जातात. मग प्रत्येक ओळीत शेजारच्या दोन ठिपक्यांची तुलना करायची: उजवा अधिक उजळ असेल तर १, नाहीतर ०. नऊ ठिपक्यांतून आठ बिट मिळतात, आठ ओळींतून चौसष्ट. एक ओळ अशी, वर ठिपक्यांच्या उजळपणाचे आकडे आणि खाली बिट:

```
40 55 70 70 64 82 101 120 133
 1  1  0  0  1  1  1  1
```

फोटो उजळवला आणि प्रत्येक आकड्यात ३० मिळवले, तरी चढउतार तेच राहतात आणि बिटही तेच. पुन्हा साठवताना चौथा ठिपका ७० चा ७१ झाला, तर ठसा 11101111 होतो, म्हणजे एकच बिट बदलतो. दोन ठशांत किती जागी बिट वेगळे आहेत, एवढंच मोजायचं. रिचर्ड हॅमिंग यांच्या १९५०च्या लेखावरून या मोजमापाला हॅमिंग अंतर म्हणतात. असंबंधित चित्रांत ६४ पैकी साधारण निम्मे बिट वेगळे निघतात. अंतर शून्याच्या जवळ असेल तर चित्र बहुधा तेच, दहाच्या पुढे गेलं तर बहुधा वेगळं. सीमा मात्र आपल्या संग्रहावर तपासूनच ठरवावी लागते.

आता हीच ओळ आरशात पाहिल्यासारखी उलटवा. ठसा 00001000 होतो, आठांपैकी पाच बिट बदलतात. माणूस ते चित्र सहज ओळखतो, डीहॅश ओळखत नाही. कडेने मोठा भाग कापला तरी तेच होतं, कारण सगळे ठिपके जागेवरून सरकतात. उलट बाजूची चूकही होते. कोरं आकाश किंवा एकरंगी पार्श्वभूमी असलेल्या चित्रांत शेजारचे ठिपके सारखे, त्यामुळे बिट शून्य, आणि एकमेकांशी काही संबंध नसलेली चित्रं जुळतात. जवळजवळ सगळे बिट शून्य असलेला ठसा दिसला, तर त्या जुळणीवर विसंबू नये.

ठशांचं सर्वांत गंभीर काम बालशोषणाची चित्रं अडवण्याचं. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने डार्टमथ कॉलेजचे हॅनी फरीद यांच्यासोबत त्यासाठी फोटोडीएनए तयार केलं. ती चित्रं हातोहाती न देता फक्त ठशांची यादी देता येते, हा त्यातला मोठा आधार. फेसबुकने २०१९ मध्ये पीडीक्यू ही २५६ बिटांची पद्धत सर्वांसाठी खुली केली.

पुढे ठसा काढण्याचं काम न्यूरल नेटवर्ककडे गेलं. काय विसरायचं हे माणसाने लिहून देण्याऐवजी नेटवर्क उदाहरणांतून शिकू लागलं, आणि थोडं कापलेलं वा फिरवलेलं चित्रही जुळवता येऊ लागलं. पण काय विसरलं गेलं, हे आता डीहॅशसारखं एका ओळीत दाखवता येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये अ‍ॅपलने बालशोषणाची चित्रं ओळखण्यासाठी न्यूरलहॅश ही अशी पद्धत वापरण्याची योजना जाहीर केल्यावर काही आठवड्यांतच लोकांनी पूर्णपणे वेगळ्या दोन चित्रांचा एकच ठसा मुद्दाम घडवून दाखवला. अ‍ॅपलने डिसेंबर २०२२ मध्ये ती योजना सोडून दिली.