एकच फंड, दोन निकाल: अल्फा, ट्रेनर आणि शार्प यांची पार्श्वभूमी

नागपुरात सीताबर्डीवर किंवा धरमपेठेत म्युच्युअल फंड वितरकाच्या टेबलावर महिन्याची फॅक्टशीट उघडली, की परताव्याच्या खाली बारीक टायपात बीटा, प्रमाण विचलन आणि शार्प रेशो छापलेले दिसतात. ग्राहक ते वाचत नाही आणि वितरकही सहसा त्यावर थांबत नाही. पण याच आकड्यांच्या आधारे एक फंड बाजारापेक्षा सरस आणि बाजारापेक्षा कमअस्सल असा दोन्ही ठरू शकतो, आणि दोन्ही हिशेब बरोबर असतात. ही गुंतागुंत 1965 ते 1968 या चार वर्षांत जन्माला आली.

त्याआधी फंडाची तुलना नुसत्या परताव्यावर व्हायची. 1964 मध्ये विल्यम शार्प यांनी मांडणी केली, की गुंतवणूकदाराने पैसा नीट विखुरलेला असेल तर बाजार त्याला फक्त बीटाचा, म्हणजे बाजाराबरोबर हलण्याच्या जोखमीचा, मोबदला देतो. बीटा आडव्या अक्षावर आणि अपेक्षित परतावा उभ्या अक्षावर घेतला की सरळ रेषा मिळते. तीच सिक्युरिटी मार्केट लाइन.

जॅक ट्रेनर यांनी 1965 मध्ये जोखीममुक्त दराच्या वरचा परतावा बीटाने भागला. शार्प यांनी 1966 मध्ये तोच वरचा परतावा एकूण चढउताराने, म्हणजे प्रमाण विचलनाने, भागला. त्यांनी 1954 ते 1963 या काळातले 34 अमेरिकी फंड तपासले. खर्च वजा जाता त्यातले फक्त 11 डाऊ जोन्स निर्देशांकाच्या पुढे होते. मायकेल जेन्सन यांनी 1968 मध्ये भागाकार सोडून वजाबाकी केली: फंडाचा परतावा रेषेच्या किती वर, तो अल्फा. त्यांच्या 115 फंडांचा सरासरी अल्फा खर्च धरून वर्षाला उणे 1.1 टक्के निघाला.

आता मतभेद कुठे होतो ते एका काल्पनिक फंडावर पाहू. जोखीममुक्त दर 6 टक्के, बाजाराचा परतावा 12 आणि बाजाराचे प्रमाण विचलन 18 धरा. फंडाने 14 टक्के दिले, त्याचा बीटा 0.9 आणि प्रमाण विचलन 26. रेषेनुसार त्याने 6 अधिक 0.9 गुणिले 6, म्हणजे 11.4 टक्के द्यायला हवे होते. अल्फा झाला 2.6. ट्रेनर मापाने 8 भागिले 0.9, म्हणजे 8.9, आणि बाजाराचे माप 6. फंड जिंकला. शार्प मापाने मात्र 8 भागिले 26, म्हणजे 0.31, आणि बाजाराचे 0.33. फंड हरला.

घोळ बीटा आणि विचलन यांच्यातल्या दरीत आहे. प्रमाण विचलनाचा वर्ग करून मोजले, तर या फंडाच्या चढउतारापैकी जेमतेम 39 टक्के बाजारामुळे आहे. उरलेला त्याने मोजक्याच शेअरांवर पैसा लावल्यामुळे आहे. ट्रेनर आणि अल्फा हा उरलेला भाग मोजतच नाहीत, कारण तो इतर गुंतवणुकीत विरून जाईल असे ते गृहीत धरतात. शार्प तो पूर्ण मोजतो. म्हणून ग्रॅच्युइटीची सगळी रक्कम याच एका फंडात टाकणाऱ्या निवृत्त काकांनी शार्प पाहावा, आणि आठ ठिकाणी पैसा असलेल्या माणसाने ट्रेनर. माझ्या मते फॅक्टशीटमध्ये दोन्ही शेजारी छापायला हवेत. बाजाराच्या तुलनेत दोघांच्या निकालांत मोठी तफावत दिसली, तर फंड नीट विखुरलेला नाही हे तिथेच कळते.

अल्फाची वेगळी खोड आहे. जोखीममुक्त दराने कर्ज काढून याच फंडात दुप्पट पैसा लावला तर बीटा आणि अल्फा दोन्ही दुप्पट होतात, व्यवस्थापकाची अक्कल मात्र तेवढीच राहते. ट्रेनर माप जागचे हलत नाही. म्हणून फंडांची क्रमवारी नुसत्या अल्फावर लावणे धोक्याचे.

त्याहून खोल आक्षेप रिचर्ड रोल यांनी 1977 आणि 1978 मध्ये घेतला. खरा बाजार मोजता येत नाही, आपण निर्देशांक उभा करतो, आणि निर्देशांक बदलला की रेषाही बदलते. काल वर असलेला फंड आज खाली जाऊ शकतो. छोट्या कंपन्यांचा फंड निफ्टी 50 समोर उभा केला, तर दिसणारा अल्फा व्यवस्थापकाचा की छोट्या शेअरांच्या तेजीचा, हे रेषा सांगत नाही.

आपल्याकडे याचे साधे रूप बराच काळ चालले. फंडाच्या परताव्यात लाभांश यायचा, पण तुलनेचा निर्देशांक नुसत्या किमतींचा असायचा. वरच्या उदाहरणात बाजाराच्या 12 टक्क्यांतून 1.3 टक्के लाभांश वगळा. रेषा 0.9 बीटाला 10.2 वर येते आणि अल्फा 2.6 चा 3.8 होतो. व्यवस्थापकाने काहीही न करता. सेबीने फेब्रुवारी 2018 पासून लाभांश धरलेल्या एकूण परतावा निर्देशांकाशीच तुलना सक्तीची केली. त्यामुळे त्याआधीचा एखादा जुना अल्फा कुणी दाखवला, तर तुलनेचा निर्देशांक कोणता होता हे आधी विचारावे.