साखरेची वही: कोणता आकडा लिहून ठेवायचा आणि कोणत्यावर फोन करायचा

घरी ग्लुकोमीटर असलेले पुष्कळ जण रोज सकाळी उपाशीपोटी साखर बघतात आणि आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकोनात लिहितात. ११८, १२२, ११६. महिन्याने डॉक्टर ते पान बघतात, ‘छान आहे’ म्हणतात आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी चाचणी मात्र वाढलेली येते. यात लबाडी कोणाचीच नसते. दिवसातल्या ज्या वेळी साखर चढते किंवा उतरते, त्या वेळी सुई टोचलेलीच नसते, एवढंच.

म्हणून नोंदीचा कागद नीट आखून घ्यावा. वहीचं एक आडवं पान एका आठवड्याला पुरतं. रकाने असे: वार, जेवणाआधीचा आकडा, जेवणानंतर दोन तासांचा आकडा, गोळी किंवा इन्सुलिन घेतल्याची वेळ, आणि शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा, कारण आकड्याचा अर्थ तिथेच उलगडतो. काय आणि किती खाल्लं, जेवायला उशीर झाला का, जास्त चालणं झालं का, ताप होता का, एवढं दोन-चार शब्दांत पुरे. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. आपल्याकडे जेवण गप्पांत तासभर रेंगाळतं, त्यामुळे हा फरक लहान नाही.

पानाच्या माथ्यावर लक्ष्य लिहायचं. मधुमेह असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत, असं ते सर्वसाधारणपणे धरतात. वय झालेलं असेल, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, एकटं राहणं असेल, तर डॉक्टर मुद्दाम सैल लक्ष्य देतात, उदाहरणार्थ जेवणाआधी ९० ते १५०. तिथे थोडी वाढलेली साखर परवडते, पण न्हाणीघरात चक्कर येऊन पडणं परवडत नाही. गरोदरपणात उलट फार कडक लक्ष्य असतं: उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर तासाभराने १४० च्या आत किंवा दोन तासांनी १२० च्या आत. शेजारच्या काकूंचं लक्ष्य आपल्या पानावर उतरवू नये. आपल्या डॉक्टरांकडून ते दोन आकडे विचारून घ्यावेत आणि पेनने लिहावेत.

हे सगळे आकडे mg/dL मधले आहेत. परदेशातून आणलेल्या काही मीटरवर mmol/L असतं आणि तिथे ७ दिसलं तर ते आपलं १२६ असतं. (१८ ने गुणायचं.) मीटरवर कोणतं एकक आहे, तेही पानावर एकदा लिहून ठेवा.

आता एक पान वाचून बघू. समजा, सहासष्ट वर्षांच्या एक आजी आहेत. सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी घेतात. डॉक्टरांनी त्यांना ८० ते १३० आणि १८० च्या आत हेच लक्ष्य दिलं आहे. रोज दोनच पट्ट्या वापरायच्या, पण दोन्ही एकाच जेवणाच्या आधी आणि नंतर, आणि जेवण रोज बदलायचं, असं ठरलं आहे.

| वार | जेवण | आधी | नंतर | शेरा |
|---|---|---|---|---|
| सोम | नाश्ता | १२२ | २१४ | पोहे भरपूर, चहा-बिस्किटं |
| मंगळ | दुपार | ७४ | १६८ | दीड वाजता जेवण, भाकरी-आमटी |
| बुध | रात्र | ११२ | १४९ | |
| गुरु | नाश्ता | ११९ | २४१ | एकादशी, साबुदाणा खिचडी |
| शुक्र | दुपार | ६६ | – | पावणेदोन, घाम, हात थरथर, साखर घेतली, १५ मिनिटांनी ९२ |
| शनि | रात्र | ११६ | १५२ | |
| रवि | नाश्ता | १२६ | १७६ | अर्धी वाटी पोहे, मोडाची मटकी |

हे पान ओळीने वाचलं तर गोंधळ होतो. रोज वेगळाच आकडा! जेवणांप्रमाणे वाचलं की चित्र उभं राहतं. रात्रीच्या दोन्ही जोड्या ठीक आहेत. नाश्त्यानंतर दोनदा साखर उसळली आणि दोन्ही वेळा शेऱ्यात कारण लिहिलेलं आहे. रविवारी तेच पोहे निम्मे झाले, सोबत मटकी आली आणि आकडा लक्ष्यात बसला. दुपारच्या जेवणाआधी मात्र मंगळवारी ७४ आणि शुक्रवारी ६६.

इथे घरात हमखास होणारी चूक अशी, की २१४ आणि २४१ बघून ‘गोळी कमी पडते आहे, डॉक्टरांना सांगून वाढवून घेऊ’ असं वाटतं. काही जण तर न विचारताच दीड गोळी घेतात. पण ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, आणि जेवण पोटात आलं की नाही हे ते बघत नाही. सकाळची गोळी दुपारपर्यंत काम करतच असते, जेवण पावणेदोनला ढकललं की साखर खाली जाते. म्हणजे गोळी वाढवली असती, तर नाश्त्यानंतरचा आकडा थोडा सुधारला असता आणि दुपारचा ६६ कदाचित ५० झाला असता. खरा उपाय नाश्त्याच्या ताटात आणि जेवणाच्या वेळेत आहे. गोळीचं प्रमाण बदलायचं का, हे डॉक्टर ठरवतील, पण त्यासाठी शुक्रवारची ओळ त्यांच्यापर्यंत त्याच दिवशी पोचली पाहिजे. फक्त उपाशीपोटीचे आकडे बघितले असते, तर १२२, ११९, १२६ एवढंच दिसलं असतं आणि आठवडा निर्मळ वाटला असता.

शुक्रवारी त्यांनी केलं ते बरोबर होतं. ७० च्या खाली आकडा आला की १५ ग्रॅम साखर लगेच पोटात गेली पाहिजे: तीन सपाट छोटे चमचे साखर अर्ध्या पेल्या पाण्यात विरघळवून. पेढा किंवा चॉकलेट नको, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच साखर. आकडा वर आला की लगेच जेवायचं. जेवणाला अजून वेळ असेल तर अर्धी भाकरी किंवा दूध-बिस्किटं घ्यायची. ग्लिमेपिराइडचा परिणाम दिवसभर राहू शकतो, म्हणून त्या दिवशी तासा-दोन तासांनी आणि झोपण्याआधी पुन्हा टोचून बघायचं. ज्यांच्या गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे, त्यांनी घरात ग्लुकोज पावडर ठेवावी. ही औषधं आतड्यात नेहमीच्या साखरेचं विघटनच लांबवतात, त्यामुळे साखरपाणी वेळेवर उपयोगी पडत नाही.

आता पानाच्या तळाशी लाल शाईने लिहायचा मजकूर. हे उंबरठे सर्वसाधारण आहेत, डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच लिहावा.

क्षणाचाही वेळ न घालवता १०८ किंवा रुग्णालय: माणूस बेशुद्ध आहे, झटके येत आहेत किंवा गिळता येत नाही. अशा वेळी तोंडात साखर-पाणी काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवून ठेवायचं. तसंच, साखर ३०० च्या वर आणि सोबत उलट्या, पोटात दुखणं, खोल-जलद श्वास किंवा गुंगी असेल तर. मीटरवर HI आलं तर तो बिघाड समजून सोडून देऊ नका. साखर मीटरच्या मोजमापापलीकडे, बहुतेक मीटरमध्ये ६०० च्या वर, आहे असा त्याचा अर्थ. हात धुऊन एकदाच पुन्हा बघा, पुन्हा HI आलं की निघा. LO आलं तर पुन्हा तपासण्याआधी साखर द्या.

आधी साखर, मग लगेच फोन: आकडा ५४ च्या खाली, किंवा दोनदा साखर देऊनही ७० च्या वर येत नाही.

त्याच दिवशी, पुढची गोळी किंवा इन्सुलिन घेण्याआधी फोन: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारखी गोळी चालू असताना एकदा जरी ७० च्या खाली. काही तासांच्या अंतराने सलग दोनदा ३०० च्या वर. ताप, जुलाब असताना २५० च्या वर. टाइप १ मधुमेहात २५० च्या वर आकडा आला की लघवीतले किंवा रक्तातले कीटोन तपासायचे आणि ते सापडले तर वाट बघायची नाही.

आठवड्याभरात फोन: एकाच वेळेचा आकडा तीन दिवस लक्ष्याबाहेर आणि शेऱ्यात त्याचं कारण नाही.

एक अपवाद वेगळ्या चौकटीत लिहावा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तात साखर फारशी वाढलेली नसतानाही आम्ल साठू शकतं. त्यांना उलट्या होत असतील, जेवण जात नसेल, तर मीटरवर १६० दिसलं तरी फोन करायचा. इथे आकड्यापेक्षा लक्षणाला मान आहे.

फोन करण्याआधी, माणूस ठीक असेल तर, आकडा खरा आहे ना, एवढं बघून घ्यावं. सर्वांत सामान्य घोळ बोटाचा असतो. आंबा कापलेल्या किंवा द्राक्षं निवडलेल्या हाताने टोचलं, तर फळाची साखर थेंबात मिसळते आणि १२० चे अडीचशे-तीनशे होऊ शकतात. स्पिरिटच्या बोळ्याने नुसतं पुसून ती पुरती जात नाही. साबण-पाण्याने हात धुऊन पूर्ण कोरडे करायचे, कारण ओल राहिली तर थेंब पातळ होतो. बोट पिळून पिळून थेंब काढू नये. हात खाली सोडून थोडा हलवला की रक्त येतं. बोटाच्या टोकापेक्षा कडेला टोचलं तर दुखतंही कमी.

दुसरा घोळ पट्ट्यांचा. डबीचं झाकण उघडं राहिलं, विशेषतः कोकणातल्या पावसाळ्यात, की पट्ट्या दमटपणाने खराब होतात. डबी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि उघडल्यावर किती महिने चालतात ते वेष्टनावर बघावं.

एवढं करूनही मीटर प्रयोगशाळेइतकं अचूक नसतं. आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या खालच्या आकड्यात १५ ची आणि त्यावर १५ टक्क्यांची तफावत चालते, आणि तीही शंभरातल्या ९५ मोजण्यांसाठीच. म्हणजे खरी साखर २०० असताना मीटरने १७५ किंवा २२५ दाखवलं तरी ते ‘चांगलं’ मीटर आहे. म्हणून लागोपाठ टोचून १७२ आणि १८६ आले, तर त्यातला आवडता आकडा निवडण्यात अर्थ नाही. पहिला लिहावा. पण ६८ आला आणि घाम फुटला असेल, तर ‘मीटरची चूक असेल’ म्हणून थांबायचं नाही. लक्षणं असताना तपासायला मीटर हाताशी नसेल, तरीसुद्धा साखर आधी घ्यायची आणि शेऱ्यात वेळ नंतर लिहायची.