तेच स्वर, दोन राग

“रागात कोणते स्वर लागतात ते कळलं की राग ओळखता येतो.”

हे अर्धंच खरं आहे. भूप आणि देशकार घ्या. दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच शुद्ध स्वर, मध्यम आणि निषाद दोन्हींत नाहीत. तरीही जाणकार कान ते काही क्षणांत वेगळे करतो.

आरोह म्हणजे स्वर चढण्याचा रस्ता, अवरोह म्हणजे उतरण्याचा. बऱ्याच रागांत हे रस्ते वेगळे असतात. भीमपलासीत चढताना रे आणि ध गाळतात, उतरताना ते येतात. तिथे नुसती चढ-उतार ऐकूनही बराच अंदाज येतो. भूप-देशकारात मात्र ती जवळपास सारखीच, म्हणून पकडीकडे वळावं लागतं. पकड म्हणजे रागाचा चेहरा दाखवणारी छोटी स्वरसंगती.

भूपात ‘ग रे सा ध़, सा रे ग, प ग’ अशी चाल मंद्र-मध्य, म्हणजे खालच्या आणि मधल्या सप्तकात रमते आणि गंधारावर, म्हणजे ग वर विसावते. देशकार वरच्या अंगाचा आहे: ‘ध, प, ग प ध प’ असा तो धैवताभोवती, म्हणजे ध भोवती फिरतो, आणि ऋषभावर, म्हणजे रे वर फारसा थांबत नाही.

पडताळा घ्यायचा तर दोन्हींचे आलाप, म्हणजे संथ स्वरविस्तार, लागोपाठ ऐका. आधी तानपुऱ्याचा सा मनात पक्का करा, मग गायक पुन्हापुन्हा कुठे थांबतो तेवढंच टिपा. गंधारावर थांबला तर भूप, धैवतावर तर देशकार. द्रुत तानेत, म्हणजे स्वरांच्या जलद मालिकेत हे थांबे पुसट होतात, त्यामुळे सुरुवात आलापापासूनच करावी.