क्रिएटिन मोनोहायड्रेट
क्रिएटिन मोनोहायड्रेट हे स्नायूंतील क्रिएटिनचा साठा वाढवण्यासाठी घेतले जाणारे पांढरे, जवळजवळ बेचव चूर्ण आहे. क्रिएटिन हा पदार्थ फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी १८३२ साली मांसातून वेगळा केला. यकृत आणि मूत्रपिंडे तो अमिनो आम्लांपासून तयार करतात, मांस व मासे यांतूनही तो मिळतो, आणि शरीरातील सुमारे ९५ टक्के साठा कंकाल स्नायूंत असतो. जड वजन उचलताना किंवा जोरात धावताना पहिल्या काही सेकंदांत एटीपी हे ऊर्जाद्रव्य झपाट्याने खर्च होते. स्नायूंत साठवलेल्या क्रिएटिनचेच एक रूप असलेले फॉस्फोक्रिएटिन ते पुन्हा भरून काढते, त्यामुळे साठा वाढलेला असल्यास त्याच वजनावर एखाद-दुसरी आवृत्ती अधिक निघू शकते. ताकद वाढते ती या जादा श्रमातून. म्हणून व्यायामाविना नुसते चूर्ण घेऊन फारसे काही साधत नाही.

नवशिक्यांचा सर्वाधिक गोंधळ ‘लोडिंग’बाबत होतो. स्नायूंची साठवणक्षमता मर्यादित असते आणि लोडिंग ही ती लवकर भरण्याची पद्धत आहे. तिच्यात दररोज शरीराच्या प्रत्येक किलोमागे ०.३ ग्रॅम क्रिएटिन पाच ते सात दिवस घेतात. साठ किलो वजनाच्या व्यक्तीसाठी हे प्रमाण १८ ग्रॅम होते, ते प्रत्येकी साडेचार ग्रॅमच्या चार मात्रांत जेवणाखाण्याबरोबर विभागतात आणि त्यानंतर रोज तीन ते पाच ग्रॅमवर येतात. तीच व्यक्ती पहिल्या दिवसापासून रोज फक्त तीन ग्रॅम घेत राहिली, तरी सुमारे चार आठवड्यांत जवळपास त्याच पातळीला पोहोचते. एरिक हल्टमन व सहकाऱ्यांच्या १९९६ सालच्या अभ्यासात सहा दिवस रोज २० ग्रॅम आणि २८ दिवस रोज तीन ग्रॅम या दोन्ही पद्धतींनी स्नायूंतील साठा सुमारे २० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. व्यायामाची नुकतीच सुरुवात करणाऱ्याला तीन आठवड्यांची ही घाई सहसा उपयोगाची नसते, उलट मोठी मात्रा एकदम घेतल्यास पोट बिघडून जुलाब होऊ शकतात. तसे झाल्यास मात्रा आणखी लहान भागांत विभागावी किंवा लोडिंग सोडून द्यावे. रोजची मात्रा व्यायामाच्या आधी घ्यावी की नंतर, याला सातत्याइतके महत्त्व नाही. सुटीच्या दिवशीही ती घ्यायची असते.

लोडिंग करणाऱ्यांचे वजन पहिल्या आठवड्यात एक ते दोन किलोंनी वाढलेले दिसू शकते. क्रिएटिनबरोबर स्नायूपेशींत पाणी ओढले गेल्याने हे होते; ती चरबी नव्हे आणि तेवढे नवे स्नायूही नव्हेत. यावरूनच रोज चार-पाच लिटर पाणी प्यायलेच पाहिजे असा समज पसरला आहे, परंतु अशा ठरावीक आकड्याला आधार नाही. तहान भागेल आणि लघवी फिकट पिवळी राहील इतके पाणी पुरते, घाम अधिक येणाऱ्या दिवशी त्यात भर घालावी.

पेल्याच्या तळाशी राहणाऱ्या दाणेदार थरामुळे भेसळीची शंका अनेकांना येते. साधारण २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे १४ ग्रॅमच क्रिएटिन विरघळते, म्हणजे पाव लिटरच्या पेल्यात पाच ग्रॅम टाकल्यास काही भाग न विरघळता उरणारच. कोमट पाण्यात ते अधिक विरघळते. उरलेला थर हलवून पिऊन टाकला तरी चालते. मात्र विरघळवलेले क्रिएटिन हळूहळू क्रिएटिनिनमध्ये बदलते, म्हणून ते आदल्या दिवशी करून ठेवण्यापेक्षा ताजेच घ्यावे.

क्रिएटिनने मूत्रपिंडे खराब होतात, हा समज बहुधा रक्ततपासणीतून जन्मतो. क्रिएटिनच्या विघटनातून तयार होणारे क्रिएटिनिन मूत्रपिंडांचे कार्य जोखण्यासाठी मोजतात. साठा वाढला की मूत्रपिंडे निरोगी असतानाही तो आकडा थोडा वाढू शकतो आणि त्यावरून काढलेला गाळणक्षमतेचा अंदाज खोटा कमी दिसतो. म्हणून तपासणीपूर्वी डॉक्टरांना क्रिएटिन घेत असल्याचे सांगणे आवश्यक आहे. शंका राहिल्यास ते सिस्टॅटिन सी ही स्नायूंवर कमी अवलंबून असणारी तपासणी सुचवू शकतात. निरोगी प्रौढांत नेहमीच्या मात्रेने मूत्रपिंडांना इजा होत असल्याचे अभ्यासांतून दिसलेले नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्याविना ते घेऊ नये; गर्भवती स्त्रिया आणि अल्पवयीन मुलांनाही हेच लागू आहे.

केस गळण्याची भीती २००९ सालच्या, रग्बीपटूंवरील एका छोट्या अभ्यासातून आली. त्यात केसगळतीशी जोडल्या जाणाऱ्या डीएचटी या संप्रेरकाची पातळी वाढलेली आढळली, पण केस मोजलेच नव्हते. क्रिएटिन हे स्टेरॉइडही नव्हे. मध्येच काही आठवडे ते बंद ठेवण्याचे ‘सायकल’ करण्याची गरज नसते. घेणे थांबवल्यावर स्नायूंतील वाढीव साठा चार ते सहा आठवड्यांत हळूहळू मूळ पातळीवर येतो.